शाळकरी मुलांसाठी तोटीच्या मडक्याची दीड मिनिटाची ध्वनिफीत: संहिता कशी लिहावी?

मुळाकाठ

नमस्कार. पुण्यातल्या एका संग्रहालयाने शाळांच्या सहलींसाठी निवडक वस्तूंच्या ध्वनिफिती आणि चित्रफिती करायचे ठरवले आहे. त्यांपैकी एका वस्तूची संहिता लिहिण्याचे काम स्वयंसेविका म्हणून माझ्याकडे आले आहे. वस्तू म्हणजे इनामगावच्या उत्खननातले जोर्वे पद्धतीचे तोटीचे मडके. अंग तांबूस, खांद्यावर काळ्या तिरप्या रेघा, एका बाजूला नळीसारखी तोटी. ध्वनिफीत दीड मिनिटाची हवी, चित्रफीत दोन मिनिटांची, आणि ऐकणारी मुले पाचवी ते सातवीची.

माझा पहिला मसुदा असा सुरू होत होता: "ताम्रपाषाण युगातील जोर्वे संस्कृती ही महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांच्या संस्कृतींपैकी एक होय. चाकावर घडवलेली, उत्तम भाजलेली, तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगात भौमितिक नक्षी असलेली मृद्भांडी हे तिचे वैशिष्ट्य होय."

यातले एकही वाक्य चुकीचे नाही. तरीही आमच्या सोसायटीतल्या बारा मुलांना त्या पेटीसमोर उभे करून मी हे मोठ्याने वाचले, तेव्हा "भौमितिक" या शब्दापर्यंत सात जण शेजारच्या पेटीकडे गेले होते. उरलेल्यांपैकी एकाने मध्येच विचारले, "ते पांढरे काय आहे?" मडक्याच्या पोटावर प्लास्टरची दोन ठिगळे आहेत, त्यांच्याविषयी तो विचारत होता आणि माझ्या संहितेत त्यांच्याविषयी एक अक्षरही नव्हते.

माझा प्रश्न असा आहे, की दीड मिनिटात काय ठेवावे आणि काय सोडावे? ज्यांनी असे काम केले आहे किंवा ज्यांची मुले अशा सहलींना गेली आहेत, त्यांनी कृपया अनुभव लिहावेत.

सातवीची आई

मुलांना घेऊन जाण्यासाठी केळकर संग्रहालय सर्वांत चांगले, असे माझे मत आहे. माझी मुलगी तिथल्या अडकित्त्यांसमोरून हलायलाच तयार नव्हती. दिवेही सुंदर आहेत. सुट्टीच्या दिवशी मात्र गर्दी असते, त्यामुळे सकाळी लवकर जावे.

मुळाकाठ

ताई, धन्यवाद. पण कुठे जावे, हा माझा प्रश्न नव्हता. एका मडक्याची संहिता कशी लिहावी, हे मी विचारत आहे. तरीही आपल्या मुलीविषयी एक विचारते: ती अडकित्त्यांसमोर थांबली, ती नेमके काय पाहत होती?

सातवीची आई

क्षमस्व, मी घाईत वाचले. एका अडकित्त्याला बाईचा आकार होता. सुपारी फोडताना त्या बाईचे काय होत असेल, असा तिला प्रश्न पडला होता. फलकावर काय लिहिले होते, ते तिने वाचलेच नाही.

निवृत्त मास्तर

मी एकतीस वर्षे इतिहास शिकवला. मला मूळ मसुद्यात फारसा दोष दिसत नाही. सहलीला आलेल्या मुलांना कालखंड, संस्कृतीचे नाव आणि स्थळ या तीन गोष्टी कळल्याच पाहिजेत, नाहीतर सहल आणि जत्रा यांत फरक काय राहिला? ठिगळांविषयी सांगायचे असेल, तर शेवटी सांगावे. जोर्वे हे नाव संगमनेर तालुक्यातल्या प्रवराकाठच्या गावावरून पडले आणि तिथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले, ही माहितीही संहितेत यावी. इनामगावचे उत्खनन १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने केले, हेही यावे. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी यांची नावे मुलांच्या कानावर पडली नाहीत, तर ती पुढे कुठे पडणार?

नारायणपेठी

मास्तर, एवढे सगळे घातले, तर मडक्याला बोलायला वेळ उरणार नाही.

खापरखुणा

मी काही वर्षे उत्खननांवर खापरांची रेखाटने करण्याचे काम केले आहे. त्या अनुभवावरून लिहितो.

निवृत्त मास्तरांनी दिलेली माहिती बरोबर आहे, पण ती सगळी फलकावर मावते आणि तिथेच असावी. ध्वनिफितीचा उपयोग वेगळा आहे. ऐकणाऱ्याचे डोळे त्या वेळी मोकळे असतात आणि ते वस्तूवर असतात, म्हणून कानाने डोळ्याला काम द्यायचे असते. "खांद्यावर काळ्या रेघा आहेत" हे ऐकताच मुलाने रेघा पाहिल्या पाहिजेत. "आद्य शेतकरी" हे ऐकून त्याने कुठे पाहावे?

पांढऱ्या ठिगळांच्या मुलाला मी शंभरपैकी शंभर गुण देईन, कारण त्याने वस्तूची आजची अवस्था पाहिली. उत्खननात अख्खे मडके क्वचितच मिळते. बहुधा मातीच्या दाबाने ते जागच्या जागी चेपून फुटलेले असते. तुकडे धुऊन, वाळवून, कडा जुळवून चिकटवतात आणि जो भाग मिळालाच नाही तिथे प्लास्टर भरतात. हे प्लास्टर पूर्वी मडक्याच्या रंगात हुबेहूब रंगवत असत, परंतु आता ते थोडे वेगळे दिसेल असे ठेवण्याकडे कल आहे, म्हणजे जुने कोणते आणि भर कोणती हे पाहणाऱ्याला कळते. आपल्या संहितेची सुरुवात इथूनच होऊ शकते.

आता तोटीविषयी. अशा भांड्याची तोटी वेगळी वळून नंतर जोडलेली असते. चाकावर भांडे तयार झाले, की ते थोडे आळू देतात, म्हणजे बोट लावले तरी आकार बिघडत नाही इतके घट्ट होऊ देतात. मग खांद्यावर भोक पाडून त्यावर तोटी बसवतात आणि सांधा ओल्या मातीने लिंपतात. आतल्या बाजूला अनेकदा बोटाने दाबल्याची खूण दिसते. पेटीबाहेर उभ्या असलेल्या मुलाला ती दिसणे शक्य नाही. म्हणून ती गोष्ट ध्वनिफितीत घालू नका, चित्रफितीत घाला. जे समोर उभे राहून दिसते ते ध्वनिफितीचे आणि जे तिथे उभे राहूनही दिसत नाही ते चित्रफितीचे, अशी वाटणी मी केली असती.

पेठेतला अण्णा

जोर्वे भांड्यांची खरी गंमत त्यांच्या आवाजात आहे, ती कुणी सांगितलीच नाही. या खापरावर टिचकी मारली, की धातूसारखा आवाज येतो. याचे कारण त्या लोकांना तांबे ठाऊक होते आणि ते मातीत तांब्याची पूड मिसळत असत. जोर्वे गावात तांब्याच्या कुऱ्हाडी सापडल्या आहेत, हा त्याचा पुरावा. मुलांना हे फार आवडेल.

खापरखुणा

अण्णा, आपले निरीक्षण अगदी खरे आहे, पण कारण ते नाही. आवाज येतो आणि तो धातूसारखा येतो, म्हणूनच जुन्या अहवालांमध्येही या भांड्यांचे वर्णन तसे केलेले आढळते. जोर्वे येथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या, हेही खरे आहे. परंतु मातीत तांबे मिसळलेले नाही. बारीक, नीट मळलेली माती चांगल्या तापलेल्या भट्टीत भाजली, की तिचे कण एकमेकांना घट्ट धरतात आणि मधली पोकळी कमी होते. असे घट्ट झालेले अंग टिचकी मारल्यावर खणखणते. कच्चे भाजलेले खापर भुसभुशीत राहते आणि आवाज आतच जिरवते. इनामगावला कुंभाराची गोल भट्टी सापडली आहे. संहितेत भट्टीचा उल्लेख करायचा असेल, तर तो इथे शोभेल.

तांबडा रंगही तांब्याचा नाही. मातीतल्या लोहाचा आहे. भट्टीत हवा खेळती राहिली, की ते लोह तांबडे होते.

पेठेतला अण्णा

मान्य. मी हे कुणाच्या तरी व्याख्यानात ऐकले होते आणि ते गेली वीस वर्षे सर्वांना सांगत आलो आहे. पाहुण्यांना पुन्हा बोलावून दुरुस्ती करावी लागेल.

कुंभारवाडा

आमचे घर कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातले. मी स्वतः आता नोकरी करतो, पण वडील अजून चाकावर बसतात. त्यांना हा धागा वाचून दाखवला. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली अशी, की गिऱ्हाईक मडके वाजवून घेते, ते आवाजासाठी नव्हे, तडा शोधण्यासाठी. न दिसणारा तडा असेल तर मडके बद्द वाजते. म्हणून तुमच्या संग्रहालयातले मडके आता वाजवले तरी ते बद्दच वाजेल, कारण ते तुकडे चिकटवून उभे केले आहे. प्रत्येक सांध्यावर आवाज मरतो.

दुसरी गोष्ट त्यांनी तोटीचे चित्र पाहून विचारली: तोटीचे टोक मडक्याच्या तोंडापेक्षा वर आहे, की खाली? टोक खाली असेल, तर मडके काठोकाठ भरता येत नाही. पाणी तोटीच्या टोकाला पोहोचले, की ते तिथूनच वाहू लागते, कितीही ओता. वडिलांकडे एकदा झारीसारखे भांडे करून घ्यायला एक गृहस्थ आले होते. त्यांनी तोटी फार खाली लावायला सांगितली आणि नंतर भांडे अर्धेच भरते म्हणून तक्रार केली.

मुळाकाठ

आज संग्रहालयात जाऊन पाहिले. तोटीचे टोक मडक्याच्या काठापेक्षा सुमारे दोन बोटे खाली आहे! आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगावा. हा प्रश्न मुलांना विचारता येईल आणि त्याचे उत्तर पेटीबाहेर उभे राहून, काहीही वाचल्याशिवाय, केवळ पाहून काढता येईल. मला इतके दिवस नेमके हेच सापडत नव्हते.

ध्वनीमागचा

मी ध्वनिमुद्रणाचे काम करतो, म्हणून त्या बाजूने थोडे लिहितो.

ही ध्वनिफीत मुले कशावर ऐकणार आहेत, हे आधी ठरवा. शाळेच्या सहलीत मुलांकडे फोन नसतात, चाळीस मुलांना कर्णफोन देणे कुणाला परवडत नाही आणि क्यूआर कोड मास्तरांच्या एकट्याच्या फोनवर उघडतो. म्हणजे बहुधा दालनात एक छोटा ध्वनिवर्धक असेल. तसे असेल तर पहिल्या मसुद्यातला "मृद्भांडी" हा शब्द काढून टाका. दगडी भिंतींच्या, उंच छताच्या दालनात जोडाक्षरांचा चिखल होतो. माझ्या एका जुन्या कामात "मृद्भांडी" हा शब्द मुलांना "मुद्दाम ती" असा ऐकू आला होता. "मडके" आणि "भांडे" हे शब्द कुठेही ऐकू येतात.

वेगाचा हिशोब असा करा. मुलांसाठी, घुमणाऱ्या दालनात, मिनिटाला सुमारे १०० शब्द पुरेत. बातम्या वाचणारे याहून वेगाने वाचतात, पण त्यांचे श्रोते घरात बसलेले असतात. नव्वद सेकंदांतून प्रश्नानंतरच्या शांततेची आठ आणि टिचकीच्या आवाजाची सात सेकंदे काढली, तर बोलण्यासाठी पंचाहत्तर उरतात, म्हणजे सव्वाशे शब्द. आपला पहिला मसुदा पूर्ण झाला असता, तर त्याचे शब्द किती झाले असते?

मुळाकाठ

दोनशे ऐंशी. मोजल्यावर लाज वाटली.

निवृत्त मास्तर

सव्वाशे शब्दांत इतिहास होत नाही, पण आपण मंडळी जिद्दीला पेटलेली आहात, तर माझी एक सूचना ऐका. "सुमारे ३००० वर्षांपूर्वी" एवढे म्हटले, की मुलाच्या डोळ्यासमोर काहीच येत नाही. माझ्या वर्गात मी फळ्यावर एक रेघ ओढायचो. आजपासून मागे जाताना शिवराय साडेतीनशे वर्षांवर येत. मग म्हणायचो, हे मडके त्याच्या जवळजवळ नऊपट मागे आहे. चित्रफितीत ही रेघ दाखवता येईल.

मुळाकाठ

मास्तर, हे मी नक्की घेते. चित्रफितीच्या पहिल्या वीस सेकंदांत ही रेघ येईल.

खापरखुणा

रेघ उत्तम आहे. फक्त काळ सांगताना एक जपावे. या टप्प्याचा काळ कर्ब-१४ पद्धतीने ठरला तो त्याच थरातल्या कोळशावरून, मडक्यावरून नव्हे. कोळसा आणि मडके एकाच थरात सापडले, म्हणून काळ एक मानला जातो. "शास्त्रज्ञांनी मडक्याचे वय मोजले" असे वाक्य कृपया लिहू नका. शाळांसाठीच्या साहित्यात ते सर्रास लिहिले जाते आणि मग एखादे हुशार मूल विचारते, की मोजण्यासाठी मडक्याचा तुकडा कुठून काढला.

सातवीची आई

आता मूळ विषयावर विचारते. इनामगावच्या लोकांनी मृतांबरोबर भांडी पुरली होती ना? माझ्या मोठ्या मुलाच्या सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात इनामगावचे दफन होते. चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला माणूस, पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात. त्याला ते चित्र अजून आठवते. हे मडके तसल्या दफनातले असेल, तर ते सांगावे. मुले आपल्याला वाटते तितकी घाबरट नसतात.

निवृत्त मास्तर

माझा याला स्पष्ट विरोध आहे. पाचवीची मुले दहा वर्षांची असतात. कुणाच्या घरी नुकतेच काही घडलेले असू शकते. सहलीत मध्येच असला विषय काढला, तर सांत्वन कोण करणार, ध्वनिवर्धक?

खापरखुणा

दोघांचेही म्हणणे मला समजते, पण त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे: हे मडके दफनात सापडले होते का? इनामगावच्या दफनांमध्ये वाडगा आणि तोटीचे भांडे ठेवलेले आढळते. बहुधा अन्नपाण्यासाठी असावे, असा त्याचा अर्थ लावला जातो. पण अशीच तोटीची भांडी घरांतही मिळतात. या मडक्याची नोंद पाहिल्याशिवाय ते दफनातले म्हणता येणार नाही. संग्रहालयाच्या नोंदवहीत खड्ड्याचा क्रमांक, थर आणि खोली दिलेली असते. तिथे दफनाचा उल्लेख असला, तर मास्तर आणि ताई यांचा वाद खरा वाद होईल. नसला, तर तो या संहितेपुरता संपतो.

लहान मुलांची दफने हा त्याहूनही वेगळा भाग आहे. दोन जाड राखाडी भांडी तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली आडवी ठेवत असत. ती भांडी या तांबड्या रंगीत मडक्यासारखी नसतात, ती हाताने घडवलेली आणि ओबडधोबड असतात. एखादा मार्गदर्शक घाईत दोन्हींची सरमिसळ करतो, तेव्हा मुले या सुंदर मडक्याकडे बघून भलतेच समजतात.

मुळाकाठ

नोंदवही पाहिली. खड्डा आणि थर यांची नोंद आहे, पण वर्णनाच्या रकान्यात केवळ "तोटीचे रंगीत भांडे, फुटलेले" असे लिहिले आहे. दफनाचा उल्लेख नाही. घराचाही नाही. त्यामुळे मी हा विषय ध्वनिफितीतून पूर्णपणे वगळला आहे. एखाद्या मुलाने विचारलेच, तर काय सांगावे, यासाठी शिक्षकांच्या पत्रकात दोन ओळी देणार आहे. ताईंना हे पटणार नाही, याची कल्पना आहे.

सातवीची आई

पटले नाही, पण नोंद नसताना सांगू नये, हे पटले.

ध्वनीमागचा

टिचकीच्या आवाजाविषयी काय ठरले? मूळ मडक्याला हात लावण्याचा प्रश्नच येत नाही आणि कुंभारवाडा यांच्या वडिलांनी सांगितल्याप्रमाणे तो आवाज मिळणारही नाही.

खापरखुणा

बहुतेक संग्रहांमध्ये मांडणीत नसलेली, त्याच पद्धतीची सुटी खापरे असतात. अभिरक्षकांच्या परवानगीने त्यांपैकी एक घ्यावे. मात्र एक लक्षात ठेवा: खापराचा आवाज आखूड असतो, अख्ख्या मडक्याचा लांबतो. म्हणून "ऐका, हे मडके असे वाजत होते" असे म्हणणे खोटे ठरेल.

ध्वनीमागचा

खापर बोटांत धरून टिचकी मारली, तर बोटेच आवाज मारतात. ते दोन छोट्या फोमच्या तुकड्यांवर, फक्त कडांना आधार देऊन ठेवावे आणि लाकडी काडीने हलकेच वाजवावे. शेजारी तसेच ठेवून आजच्या कच्च्या भाजलेल्या कुंडीचे खापरही वाजवा. एकटा आवाज ऐकून मुलाला काहीच कळणार नाही. बद्द आणि खणखणीत असे दोन्ही आवाज लागोपाठ ऐकले, तर फरक सांगावाच लागत नाही.

दुसरे असे, की प्रश्नानंतर आठ सेकंदे पूर्ण शांतता ठेवू नका. मुलांना वाटते की यंत्र बंद पडले आणि शिक्षक बटण दाबायला धावतात. खाली हलकासा आवाज ठेवा.

नारायणपेठी

पाण्याचा ठिबकण्याचा आवाज ठेवा.

ध्वनीमागचा

मीही तेच सुचवणार होतो.

कुंभारवाडा

पाणी ठिबकताना ऐकले, तर "कुठून सांडेल" याचे उत्तर आधीच मिळेल. चाकाचा आवाज ठेवा. वडिलांच्या चाकाचा मी मुद्रित करून देतो. फक्त आमचे चाक आता विजेवर चालते, त्यामुळे तो आवाज पंख्यासारखा येतो.

नारायणपेठी

मग प्राचीन काळी इनामगावात वीज होती, असा नवा शोध लागेल.

मुळाकाठ

सर्वांच्या सूचनांनंतर ध्वनिफितीची तिसरी आवृत्ती खाली देत आहे. चौकोनी कंसातला मजकूर बोलायचा नाही.

"या पेटीसमोर अर्धगोल करून उभे राहा. आत एक तांबडे मडके आहे. त्याच्या पोटावर दोन पांढरी ठिगळे दिसतात का? हे मडके शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, इनामगावला मातीखाली सापडले, तेव्हा ते फुटलेले होते. तुकडे एकमेकांना जुळवले. जे तुकडे मिळालेच नाहीत, त्यांच्या जागी प्लास्टर भरले. तीच ही ठिगळे.

आता तोटीच्या टोकाकडे पाहा. या मडक्यात पाणी कुठपर्यंत भरता येईल? काचेला हात न लावता, बोटाने दाखवा.

[आठ सेकंदे.]

तोटीच्या टोकापर्यंत. त्याच्या वर पाणी गेले, की ते तोटीतून सांडू लागेल.

आता दोन आवाज ऐका. [बद्द आवाज. खणखणीत आवाज.] पहिला आजच्या कुंडीच्या तुकड्याचा. दुसरा अशाच एका जुन्या मडक्याच्या तुकड्याचा. त्या कुंभाराने माती नीट मळली आणि भट्टीत चांगली भाजली, म्हणून तुकडा असा वाजतो.

हे मडके ३००० वर्षांहून जुने आहे. यात पाणी ठेवत, की दूध, की आणखी काही, ते आपल्याला ठाऊक नाही. तुम्ही काय ठेवले असते?"

चित्रफितीत मास्तरांची रेघ, मडक्याच्या आतली बोटाची खूण आणि कुंभारवाडा यांच्या वडिलांनी घडवलेल्या नव्या मडक्यात पाणी ओतण्याचे दृश्य असेल. मूळ मडक्यात अर्थातच पाणी ओतणार नाही.

खापरखुणा

"त्या कुंभाराने" ऐवजी "इनामगावच्या काळच्या कुंभारांनी" असे म्हणा, कारण वाजवलेले खापर आणि पेटीतले मडके एकाच हातचे नाहीत.

शेवटच्या प्रश्नाविषयी माझे मत वेगळे आहे. "तुम्ही काय ठेवले असते?" याला शीतपेयापासून आइस्क्रीमपर्यंत काहीही उत्तर चालते आणि मूल मडक्यावरून नजर काढून घेते. तोटीचा प्रश्न चांगला आहे, कारण त्याचे उत्तर मडक्यातच आहे. शेवटही तसाच हवा. उदाहरणार्थ, "काळ्या रेघा खांद्यावर आहेत, पोटाच्या खालच्या भागावर नाहीत. असे का असेल?"

मुळाकाठ

त्याचे उत्तर काय?

खापरखुणा

नक्की कुणी सांगू शकत नाही. भांडे जमिनीवर ठेवले, की वरून पाहणाऱ्याला खांदाच दिसतो, हे एक कारण असू शकते. मूल खाली वाकून, मग उभे राहून पाहील, एवढे तरी होईल.

निवृत्त मास्तर

मला मुळाकाठ यांचाच प्रश्न आवडला. आइस्क्रीम म्हणाले तर म्हणू द्या. वर्गात गप्प बसलेले मूल अशाच प्रश्नाला पहिल्यांदा हात वर करते.

पेठेतला अण्णा

दूध तोटीतून ओतले, तर साय अडकेल. पाणीच असणार.

कुंभारवाडा

वडिलांनी नवे मडके काल भाजून काढले. तोटीचे टोक काठाखाली बरोबर दोन बोटे ठेवले आहे. पाणी ओतून पाहिले. भरण्याचे गणित जमले, पण ओतताना धार तुटत नाही, पाणी तोटीखालून ओघळत पोटावर येते. वडील म्हणतात, तोटीची कड गोल राहिली, ती पातळ आणि धारदार हवी होती. खापरखुणा, मूळ तोटीची कड कशी असते, हे तुमच्या रेखाटनांत दिसते का? दुसरे मडके शनिवारी चाकावर घेणार आहेत.

खापरखुणा

रेखाटनांत तोटीचा छेद असतो, त्यात कडही असते. पण अनेक तोट्यांचे टोक झिजलेले किंवा टवका उडालेले मिळते, त्यामुळे शाबूत टोकाचीच रेखाटने निवडावी लागतील. शुक्रवारपर्यंत चार-पाच काढून पाठवतो. मुळाकाठ, तुमच्या मडक्याच्या तोटीचे टोक शाबूत आहे का, की तिथेही प्लास्टर आहे?

मुळाकाठ

हे मी पाहिलेच नाही. तोटीला प्लास्टर असेल, तर दोन बोटांचा सगळा हिशोब बदलेल. उद्या सकाळी जाऊन पाहते आणि इथे कळवते.